विष्णुपूरच्या देवळांतली खालची ओळ

पहिला दिवस : विष्णुपूर

खरगपूर मागे पडून गाडी मेदिनीपूरच्या पुढे गेली आणि माती लाल दिसायला लागली. तोपर्यंत खिडकीबाहेर नुसती भातखाचरं आणि तळी होती. मामा खिडकीला नाक लावून म्हणाले, "अगं, हा तर आपला जांभा!" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. बांकुडा जिल्ह्याचा हा भाग जांभ्याचा आहे, पण त्याच्या पूर्वेला गंगेच्या गाळाचा सपाट बंगाल सुरू होतो आणि तिथे शेकडो मैल दगड नाही. मंदिर बांधायचं तर विटा भाजाव्या लागतात, आणि नक्षी हवी तर तीही मातीतच करावी लागते. विष्णुपूर या दोन प्रदेशांच्या सीमेवर आहे, त्यामुळे इथे जांभ्याची देवळं आहेत आणि विटांचीही.

मामा निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंती दुरुस्त करण्यात त्यांची बरीच वर्षं गेली. मला टेराकोटाची शिल्पं बघायची होती आणि त्यांना ती शिल्पं अंगावर वागवणारी भिंत. म्हणून जोडी जमली.

दुपारी उतरलो, जेवलो आणि रासमंच गाठला. राजा बीर हंबीरने साधारण 1600 साली बांधलेली ही वास्तू मंदिर नाही. रासोत्सवात गावोगावच्या राधाकृष्णाच्या मूर्ती इथे आणून मांडायचे. जांभ्याचा उंच चौथरा, त्यावर विटांच्या कमानींच्या रांगा आणि डोक्यावर पायऱ्यापायऱ्यांचं पिरॅमिडसारखं छप्पर. बीर हंबीर हा मल्ल घराण्याचा राजा. श्रीनिवास आचार्यांनी त्याला गौडीय वैष्णव पंथाची दीक्षा दिली आणि त्यानंतरच्या दीडएकशे वर्षांत या गावात कृष्णाची देवळं उभी राहत गेली. मी जे बघायला आले होते ते सगळं या एका दीक्षेच्या मागून आलेलं आहे.

संध्याकाळी दलमादल तोफेपाशी एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "कोथा थेके?" महाराष्ट्रातून म्हटल्यावर ते हसले आणि म्हणाले, "मग ही तोफ तुमच्यावरच चालवलेली." 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सरदार भास्करराम कोल्हटकर, ज्याला बंगालमध्ये भास्कर पंडित म्हणतात, त्याची फौज इथे येऊन धडकली होती. कथा अशी की राजा गोपालसिंह लढायचं सोडून नामसंकीर्तनात बसला, आणि खुद्द मदनमोहनाने गाभाऱ्यातून उठून तोफेला बत्ती दिली. बंगालमधल्या आया अजूनही ज्या बर्गींची भीती घालून मुलांना झोपवतात ते आपले बारगीर. ऐकून मला वाईट वाटलं, आणि ते मी त्या काकांना सांगितलंही. त्यांनी आम्हाला चहा पाजला.

दुसरा दिवस : श्यामराय, जोडबांगला, मदनमोहन

मामांनी पहाटे उठवलं. कारण उन्हाचं होतं. या नक्षीची खोली फार थोडी असते, बोटाच्या पेरापेक्षाही कमी. समोरून ऊन पडलं की सगळं सपाट होतं आणि लांबून फक्त लाल भिंत दिसते. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर सकाळचं ऊन तिरकं सरपटत जातं आणि प्रत्येक नाकाची, प्रत्येक पैंजणाची सावली उठून येते. इथे अकरा वाजता बसमधून उतरून अर्ध्या तासात फोटो काढून परतणारे प्रवासी मी पुढे पुष्कळ पाहिले. ते आले तेव्हा भिंत खरोखरच लाल आणि सपाट दिसत होती.

श्यामराय मंदिर रघुनाथ सिंहाने 1643 मध्ये बांधलं. पाच शिखरांचं म्हणून पंचरत्न. चारही बाजूंना तीन-तीन कमानी. आत, बाहेर, खांबांवर, कमानींच्या पोटात, जिथे हात पोचेल तिथे आणि जिथे पोचणार नाही तिथेही माती कोरलेली आहे. इथलं रासमंडळ प्रसिद्ध आहे : मध्ये राधाकृष्ण आणि भोवती एकात एक वर्तुळांत हात धरून नाचणाऱ्या गोपी. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. मग मामांनी सांगितलं, "आता चेहरे बघू नकोस, सांधे बघ."

सांधे बघितल्यावर वेगळंच काही दिसायला लागलं. मोठं चित्र एका तुकड्याचं नसतं, कारण एवढी मोठी माती भाजताना तडकतेच. चित्र अनेक फरशांचं जोडलेलं असतं. प्रश्न असा की सांधा कुठून जातो. तो एखाद्या माणसाच्या दंडातून, घोड्याच्या पोटातून बेधडक जात असेल, तर ओल्या मातीच्या मोठ्या थरावर आधी अख्खं चित्र काढलं, कोरलं, मग त्याचे चौकोन कापले आणि मागे खुणा करून भाजल्यावर क्रमाने भिंतीत लावले. सांधा आकृतीला वळसा घालून जात असेल, प्रत्येक चौकटीत एक पुरी आकृती असेल, तर प्रत्येक फरशी स्वतंत्र केलेली असते, आणि तीच आकृती पुन्हा पुन्हा येत असेल तर बहुधा साच्यातली. साच्यातली नक्षी आणि सुरीने कोरलेली नक्षी यांतला फरक बोटाने सांगता येतो म्हणतात. पण इथे हात लावायचा नाही, त्यामुळे डोळ्यांवर भागवलं. साच्यातून माती सुटून यायची तर आकाराला आत वळणारी कड चालत नाही, नाहीतर ती साच्यात अडकते. म्हणून साच्यातल्या आकृतीच्या कडा उताराच्या आणि मऊ असतात. जिथे हाताच्या मागून उजेड डोकावतो, कपड्याची चुणी खालून कापलेली दिसते, तिथे कारागिराने सुरी चालवली आहे. बऱ्याच ठिकाणी दोन्ही असतं : साच्यातून आकार काढायचा आणि माती अर्धवट वाळली की डोळे, दागिने, चुण्या सुरीने ताज्या करायच्या.

हे काम करणारे सूत्रधार, म्हणजे मुळात सुतार. लाकूड, दगड, माती आणि चित्र, या चारांतही त्यांचा हात चाले. मला त्या भिंतीत सुताराचं काम स्पष्ट दिसलं. चौकटी, पट्ट्या, खाचा, सगळं दरवाज्यावरच्या कोरीवकामाच्या वळणाचं.

श्यामरायनंतर जोडबांगला. 1655 चं, त्याच राजाचं. बंगालमधली बांबू-गवताची झोपडी, तिचं वळलेलं छप्पर विटांत बांधलं आणि तशी दोन एकाला एक जोडली, म्हणून जोडबांगला. इथे मी पहिल्यांदा जमिनीलगतच्या ओळीकडे नीट बघितलं, आणि पुढचे सगळे दिवस तिच्याकडेच बघत राहिले.

या देवळांत मजकूर लावायची रीत साधारण ठरलेली असते. कमानींच्या वर, मधोमध, लंकेचं युद्ध किंवा रास यांसारखा मोठा प्रसंग. दोन्ही कडांना उभ्या पट्ट्यांत एकावर एक चढलेले प्राणी आणि योद्धे. खाली पायाजवळ आडव्या ओळी : वरच्या ओळीत कृष्णलीला आणि अगदी खालच्या ओळीत माणसं. शिकारीला निघालेला सरदार, पालखी आणि तिच्यामागे हुक्का धरून पळणारा नोकर, लांबलचक नौका आणि तिच्यात बंदुका घेतलेले टोपीवाले, बैलगाडी, कुत्रे. देवांच्या गोष्टी पोथ्यांत आहेत, त्या भिंतीवरून गेल्या तरी आपल्याला पुन्हा वाचता येतील. सतराव्या शतकातल्या बंगालमध्ये नाव कशी वल्हवत, परदेशी शिपायाची टोपी गावच्या कारागिराला कशी दिसली, हे मात्र दुसरीकडे फारसं कुठे काढून ठेवलेलं नाही.

आणि नेमकी हीच ओळ सगळ्यात आधी जाते. मामा उकिडवे बसले आणि त्यांनी मला दाखवलं. भिंत जमिनीतलं पाणी शोषते. ते पाणी विटांतून आणि चुन्यातून वर चढतं, साधारण हातभर-दोन हात, आणि सोबत मातीतले क्षार नेतं. मग ऊन पडतं, पाणी पृष्ठभागावरून उडून जातं, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक होतात. स्फटिक मोठे होताना छिद्रांच्या भिंती फोडतात. भाजलेल्या फरशीला वर एक घट्ट साय असते. ती एकदा फुटली की आतली माती भुसभुशीत होऊन रोज थोडी थोडी झडते. मामांनी पायाजवळची धूळ चिमटीत धरून दाखवली. तिच्यात मिठासारखे पांढरे कण होते. वर, कमानीजवळ, कृष्णाच्या बोटांची पेरं मोजता येत होती. खाली, गुडघ्याच्या उंचीला, एका नौकेचा फक्त बाक उरला होता, वल्हेकरी गेले होते.

तिसऱ्या प्रहरी मदनमोहन. दुर्जन सिंहाने 1694 मध्ये बांधलेलं, एका शिखराचं. कालच्या कथेतल्या तोफ चालवणाऱ्या देवाची मूळ मूर्ती मात्र आता इथे नाही. मल्ल घराणं कर्जात बुडालं तेव्हा राजा चैतन्यसिंहाने ती कोलकात्याच्या गोकुळ मित्रांकडे गहाण ठेवली आणि ती बागबाजारातच राहिली. देवळात पूजा चालू आहे. पुजारीकाकांना मी विचारलं की लोक भिंती बघतात का. ते म्हणाले, "दिदी, लोक आधी ठाकूरदर्शन घेतात, मग तोफ कुठे आहे विचारतात."

तिसरा दिवस : पांचमुडा

पांचमुडा विष्णुपूरहून गाडीने तासाभराच्या टप्प्यावर आहे. बांकुड्याचा लांब मानेचा घोडा इथला. तो चाकावर पोकळ तुकड्यांत होतो (चार पाय, मान दोन भागांत आणि तोंड), ते जोडून मग कान आणि शेपूट वेगळी बसवतात. भट्टीतला धूर बाहेर जाऊ दिला तर घोडा लाल होतो, तोंडं बंद करून धूर कोंडला तर काळा.

आम्हाला घोड्यापेक्षा फरशी करताना बघायची होती. ज्या कुंभारदादांकडे गेलो ते घरासाठी शोभेच्या फरशा करतात आणि त्यांनी आमच्यासाठी एक सुरुवातीपासून केली. तळ्यातली चिकण माती आधी भिजवून, तुडवून, खडे वेचून ठेवलेली होती. तीत वाळू मिसळलेली असते, नाहीतर वाळताना आकसून फाटते. पाय वापरून मळणं बघताना तेरच्या गोरोबाकाकांचा अभंग मनात आलाच. दादांनी फळीवर राख भुरभुरली, मातीचा जाड थर थापला, दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून वरून काठी फिरवली. तयार थर दोन बोटं जाड. तो तसाच सावलीत ठेवला, मऊ चामड्याइतका होईपर्यंत. मग तारेने कापून चौकोन केला, बांबूच्या टोकदार कामटीने घोडेस्वार रेखला आणि भोवतालची माती खरवडून काढली. आकृती वर चढवायची नाही, बाजू खाली उतरवायची. शेवटी फरशी उलटी करून पाठीवर आडव्या-उभ्या रेघा ओढल्या, म्हणजे चुन्याला धरायला जागा मिळते.

"वाळायला किती दिवस?" मी विचारलं.

"हिवाळ्यात आठ-दहा दिवस. उन्हात ठेवलंत तर कडा आधी वाळतात, मधला भाग मागे राहतो आणि फरशी ताटासारखी वाकते," दादा म्हणाले. "आणि आकाराने लहान होते. वीत घातली तर वीत निघत नाही."

हे शेवटचं वाक्य मला कालच्या रासमंडळाकडे घेऊन गेलं. माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण दहाव्या हिश्श्याने आकसते. एकट्या फरशीला याने काही बिघडत नाही. पण अनेक फरशांचं एकच चित्र असेल आणि एक फरशी जास्त आकसली, तर गोपीचा हात शेजारच्या गोपीच्या हाताला मिळणार नाही. म्हणून सगळ्या फरशा एकाच मातीच्या, एकाच जाडीच्या, एकाच भट्टीच्या हव्यात, आणि भट्टीत एका कोपऱ्याला जाळ जास्त लागता कामा नये. श्यामरायच्या गोलात ते हात जुळतात. साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी लाकडाच्या जाळावर, तापमापकाशिवाय.

दादांनी साचाही दाखवला, भाजलेल्या मातीचाच. माती दाबली, कडेने सैल केली, आपटली, फूल बाहेर. एक फूल मिनिटभरात. घोडेस्वाराला अर्धा दिवस गेला होता. त्यांना मी विचारलं की देवळासाठी फरशा मागायला कोणी येतं का. "नव्या देवळाला लोक मार्बल मागतात," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

परतताना रस्त्यालगतच्या एका गावात एक छोटं शिवमंदिर दिसलं म्हणून थांबलो. ज्या कुटुंबाने बांधलं त्याचे वारस शहरात, पूजेला पाळी लावलेली. गावाने प्रेमाने देवळाला ऑइलपेंट दिला होता. फरशा गुलाबी, पार्श्वभूमी निळी. एका कोपऱ्यात पापुद्रा सुटला होता तिथे चार फुलं उघडी पडली होती, आणि चारही फुलांच्या डाव्या पाकळीला सारखाच टवका होता. म्हणजे टवका साच्यातला. खालच्या भागात ओल दिसते म्हणून हातभर उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केला होता. मामा हळहळले. चुना श्वास घेतो, सिमेंट नाही. जमिनीतलं पाणी गिलाव्याच्या मागे अडतं, बाहेर पडायला जागा शोधत आणखी वर चढतं आणि गिलावा संपतो तिथल्या फरशांतून फुटतं. बघितलं तर गिलाव्याच्या कडेच्या बरोबर वरच्या ओळीतच माती गळत होती. गिलाव्याखाली काय होतं ते आता कोणालाच दिसणार नाही. ती खालची, माणसांची ओळ होती.

तिथे मला पटलं की हे काम दुर्लक्षित का राहतं त्याचं मोठं कारण मातीचं स्वस्त असणं हेच आहे. पाषाणमूर्तीला कोणी सिमेंट थापणार नाही. वीट मात्र दुरुस्त करायची वस्तू वाटते, आणि फरशी ही विटेचाच भाग वाटते. सुटून पडलेली फरशी कोणी उचलून नेली तरी चोरी झाल्यासारखं वाटत नाही. भारतीय शिल्पाचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही मोजमाप दगडाचं धरलं. त्यात सतराव्या-अठराव्या शतकातलं, खेड्यातलं, विटेचं काम उतरत्या काळातलं म्हणून बाजूला पडलं. आपल्याकडेही तेरची त्रिविक्रम आणि उत्तरेश्वर ही विटांची मंदिरं वेरूळच्या सावलीत किती जणांना आठवतात? विष्णुपूरची मंदिरं 1998 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत आणि अजून तिथेच आहेत.

बंगालच्या या देवळांची पद्धतशीर नोंद करणाऱ्यांत एक नाव मोठं आहे : डेव्हिड मॅककचन. इंग्लंडहून आलेला, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्य शिकवणारा हा माणूस सुट्टी मिळाली की खेडोपाडी जायचा, देऊळ मोजायचा, फोटो काढायचा. 1972 मध्ये, 41 व्या वर्षी पोलिओने तो गेला. त्याचे हजारो फोटो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत, आणि त्याने टिपलेल्या कितीतरी भिंती आता फक्त त्या फोटोंत आहेत.

चौथा दिवस : कालना

विष्णुपूरहून सरळ गाडी नाही, म्हणून हावड्याला येऊन बांडेल-काटवा मार्गाने अंबिका कालना गाठलं. प्रवासात दिवसाचा मोठा भाग गेला, तरी ऊन कलतीला असताना पोचलो आणि ते फायद्याचं ठरलं.

राजबाडीच्या आवारात शिरल्याबरोबर प्रतापेश्वर. 1849 चं. बर्द्वानच्या राजघराण्याने बांधवलेलं. आकार ओडिशाच्या उभ्या देवळासारखा, अंगणातल्या इतर देवळांपेक्षा बारीक. एका बाजूला खरं दार, तीन बाजूंना नुसती दाराची आकृती, आणि चारही बाजूंना मातीकाम. श्यामरायपासून इथपर्यंत दोनशे वर्षं गेली आहेत आणि ती भिंतीवर दिसतात. आकृती जास्त फुगीर, चौकटीतून पुढे आलेल्या. राम-रावणाच्या युद्धाच्या मध्ये दुर्गा उभी आहे, म्हणजे बंगाली रामायणातली गोष्ट, युद्धाआधी रामाने केलेली अकाली पूजा. विष्णुपूरच्या रेषेतली ती ताणलेली चपळाई मला इथे कमी वाटली. हे माझं मत. मामांना प्रतापेश्वर जास्त आवडलं.

त्यांच्या आवडीचं कारण जमिनीपासून सुरू झालं. देऊळ उंच चौथऱ्यावर आहे. मामांनी नक्षीची सगळ्यात खालची ओळ आणि जमीन यांतलं अंतर डोळ्यांनी मोजलं, चौथऱ्याच्या कडेला पाणी कुठे वाहून जातं ते बघितलं आणि मला हाक मारली. "ये, तुझी माणसं इथे शाबूत आहेत." टोप्या घातलेले साहेब, गाणारे-वाजवणारे, शेंड्यावाले बाबाजी, बायका. चेहऱ्यांची साय जागेवर होती. कलत्या उन्हात एका वादकाच्या बोटांखालचं ढोलकीचं कातडं दोऱ्यांनी कसं आवळलंय तेही दिसत होतं.

पहारेकऱ्याने बंद व्हायची वेळ झाल्याचं सांगितलं. मी अजून पश्चिमेची भिंत बघितली नव्हती, म्हणून त्याच्याकडे दहा मिनिटं मागितली. तो तयार झाला, आणि पश्चिमेच्या भिंतीपाशी येऊन त्यानेच वाकून बोट दाखवलं : "इथून बघा, दिदी, सगळे वरूनच सुरू करतात."